१२ बाय १० ची बेडरूम, पंधरा हजारांचे बजेट: बेस ट्रॅप आधी की पॅनेल आधी?

नीरज_डोंबिवली

नमस्कार. मी घरच्या बेडरूममध्ये मिक्सिंग करतो. बहुतेक काम मराठी गाण्यांचे असते. त्यात ढोलकी, हार्मोनियम, बेस गिटार आणि गायन एवढेच असते. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. इमारत नवी असल्याने सगळ्या भिंती माइवानच्या, म्हणजे काँक्रीटच्या आहेत, आणि खाली व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. टेबल १० फुटी भिंतीकडे तोंड करून ठेवले आहे. पाच इंची स्पीकर स्टँडवर असून त्यांची पुढची बाजू टेबलासमोरच्या भिंतीपासून सुमारे तीन फुटांवर येते, कारण स्पीकर भिंतीपासून दूर असावेत असे मी सगळीकडे वाचले होते. त्यामुळे माझी खुर्ची खोलीच्या जवळपास मध्यावर येते. उजव्या भिंतीला सरकती खिडकी आहे, पाठीमागे पलंग आहे, मागच्या एका कोपऱ्यात दार आणि दुसऱ्यात भिंतीतले कपाट आहे. पंखा बरोबर खोलीच्या मध्यभागी आहे.

अडचण अशी की येथे जे मिक्स समतोल वाटते ते गाडीत लावले की ढोलकीचा धुमा आणि बेस गिटार एकमेकांत मिसळून नुसते घुमतात. खोली भाड्याची आहे. घरमालकांनी भिंतीला चार-सहा भोके पाडायची परवानगी दिली आहे, त्याहून जास्त नाही. सगळे मिळून पंधरा हजार रुपये खर्च करता येतील. ते आधी कोपऱ्यांत खालचे सूर शोषणाऱ्या बेस ट्रॅपवर घालावेत की बाजूच्या पॅनेलवर, आणि रॉकवूल कोणते घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खडा_आवाज

आधी बेस ट्रॅप, यात शंका नको. रॉकवूल घेताना ९६ घनतेचेच, म्हणजे घनमीटरला ९६ किलोचेच घ्या. बेस म्हणजे ताकदीचा आवाज, त्याला अडवायला जड माल लागतो. ४८ घनतेचा माल हातात घेतला तरी मऊ लागतो, तो फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी शोषतो. मी माझ्या खोलीत ९६ चे दोन इंची पॅनेल लावले आहेत आणि फरक स्पष्ट कळतो. बाजारात कोपऱ्यांसाठी त्रिकोणी फोम मिळतो तो मात्र घेऊ नका, त्याने बेसला काहीही होत नाही.

प्रभाकर_काका

नीरज, विषय फार उपयोगी काढलास. आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगा रात्री उशिरापर्यंत कीबोर्ड वाजवतो आणि त्याचा ठणका आमच्या छतातून येतो. तू म्हणतोस ती पॅनेल त्याने त्याच्या खोलीत लावली तर आम्हाला होणारा त्रास थांबेल का? थांबणार असेल तर मी स्वतः त्याला खर्चात हातभार लावायला तयार आहे.

वैदेही_स

प्रभाकरकाका, तुमचे आधी सांगते, कारण पैसे खर्च होण्यापूर्वी हे कळलेले बरे. रॉकवूलच्या पॅनेलमधून हवा आरपार जाते आणि आवाजही आरपार जातो. ते फक्त खोलीत परत उसळणारा आवाज कमी करतात. शेजारी जाणारा आवाज अडवायला वजनदार, फटी नसलेला आणि इमारतीपासून सुटा असा थर लागतो, आणि तो खर्च वेगळाच आहे. त्या मुलाने कीबोर्डच्या स्टँडखाली जाड रबराचे तुकडे ठेवून पाहावे आणि रात्री हेडफोन वापरावेत. एवढ्यानेच तुम्हाला जास्त फरक पडेल.

आता नीरज. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट अशी आहे की जिला एक रुपयाही लागणार नाही, म्हणून ट्रॅप की पॅनेल हे ठरवण्यापूर्वी ती पाहू. स्पीकरची पुढची बाजू भिंतीपासून तीन फुटांवर आहे. खालचे सूर स्पीकरच्या मागेही जातात, भिंतीवर आपटून परत येतात आणि थेट आवाजात मिसळतात. ज्या सुराच्या तरंगलांबीचा चौथा भाग त्या अंतराएवढा असतो, तो सूर परत येईपर्यंत बरोबर उलटा झालेला असतो आणि थेट आवाज खाऊन टाकतो. तीन फूट म्हणजे सुमारे ०.९ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर हा खड्डा ९५ हर्ट्झच्या आसपास पडतो. ढोलकीच्या धुम्याचा भरणा आणि बेस गिटारचे पुष्कळ सूर याच भागात येतात. तुम्हाला ते कमी ऐकू येतात, म्हणून तुम्ही ते वाढवता, आणि गाडीत तो खड्डा नसल्यामुळे तुम्ही वाढवलेले सगळे एकदम बाहेर येते. गाडीची तक्रार बहुधा येथूनच सुरू होत असावी.

हा खड्डा इक्वलायझरने भरता येत नाही, कारण जेवढे वाढवाल तेवढेच भिंतीवरून उलटे परत येईल. स्पीकर भिंतीला इतके जवळ न्या की मागे जेमतेम दोन इंच राहतील. मग पुढची बाजू भिंतीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर येईल आणि खड्डा २८५ हर्ट्झच्या जवळ सरकेल, जेथे चार इंची पॅनेल चांगले काम करते. भिंतीजवळ गेल्याने खालचा आवाज एकूण वाढेल; त्यासाठी बहुतेक स्पीकरच्या पाठीवर बेस कमी करायचा स्विच असतो, तो वापरा. स्पीकरचे छिद्र मागच्या बाजूला असेल तर दोन इंचांऐवजी तीन-चार इंच ठेवा.

दुसरे, खुर्ची मध्यावरून हलवा. १२ फुटांच्या लांबीत बसणारा पहिला घुमारा, म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये उसळून साचणारा सूर, ४७ हर्ट्झचा आहे आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तो जवळजवळ ऐकूच येत नाही. डोके पुढच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर येईल असे बसा. हे अंतर लांबीच्या ३८ टक्के आहे. तो काही कायदा नाही, पण शोध सुरू करायला चांगली जागा आहे. दोन्ही स्पीकर एकमेकांपासून चार फुटांवर ठेवले तर तुमच्या डोक्यासह जवळपास समभुज त्रिकोण होतो.

सुतारकाम_आवडीचे

वैदेहीताईंनी सांगितले ते झाल्यावर फ्रेमबद्दल मी लिहितो, कारण खर्च तेथे हाताबाहेर जातो. कोपरा पूर्ण भरायचा, म्हणजे स्लॅबचे त्रिकोण कापून जमिनीपासून एकावर एक रचायचे, ही पद्धत सर्वांत चांगली मानली जाते. पण नीरज, तुमच्या बजेटात ती बसत नाही. आपल्याकडे मिळणारा एक नेहमीचा स्लॅब १००० बाय ६०० मिलिमीटरचा आणि ५० मिलिमीटर जाडीचा असतो. त्यातून ६०० बाय ६०० चा एक चौकोन निघतो आणि त्याचे दोन त्रिकोण होतात. दोन मीटर उंचीसाठी चाळीस थर लागतात, म्हणजे एका कोपऱ्याला वीस स्लॅब, आणि उरलेले तुकडे वेगळेच. त्याऐवजी कोपऱ्यात तिरके उभे राहणारे ६०० मिलिमीटर रुंद, दोन मीटर उंच आणि दोन थरांचे पॅनेल केले तर चारच स्लॅब लागतात. मागे जी त्रिकोणी पोकळी राहते तीही कामाला येते.

फ्रेमला पाइनच्या चार इंच रुंद पट्ट्या घ्या. मागच्या बाजूला पूर्ण प्लाय मारू नका, कारण तेथूनही हवा खेळली पाहिजे; दोन आडव्या पट्ट्या पुरतात. कापड म्हणून मांजरपाट उत्तम आणि स्वस्त आहे. कापड तोंडाला लावून फुंकर मारा; हवा सहज पलीकडे गेली तर ते चालते. मांजरपाटाच्या आत नॉन-वोव्हन कापडाचा एक पातळ थर द्या, म्हणजे तंतू बाहेर येत नाहीत. स्लॅब कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क घाला. काम गॅलरीत करा, खोलीत करू नका, कारण ते बारीक तंतू गादीत गेले तर अंगाची आठवडाभर खाज जात नाही.

माइवानच्या भिंतीत साधा खिळा जात नाही, हॅमर ड्रिल लागते, हेही लक्षात ठेवा. कोपऱ्यातले पॅनेल जमिनीवर पायांवर उभे करा. भोके छतासाठी आणि डाव्या भिंतीसाठी राखून ठेवा.

खडा_आवाज

पण ९६ घनतेबद्दल कोणीच बोलले नाही. जड माल जास्त शोषतो हे चुकीचे आहे का?

वैदेही_स

तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, पण ते पातळ पॅनेलपुरते आहे. दोन इंचांच्या थरात हवेला पुरेसा अडथळा मिळायचा तर माल थोडा दाट असणे फायद्याचे ठरते. जाडी वाढत गेली की चित्र बदलते. आवाज मालाच्या आत शिरला तरच हवा तंतूंवर घासून त्याची उष्णता होते. फार दाट आणि जाड मालाच्या पृष्ठभागावरूनच खालचे सूर काही प्रमाणात परतू लागतात. म्हणून चार इंच आणि मागे पोकळी अशा रचनेला ४८ घनता योग्य आहे, आणि कोणी खरोखरच दोन फूट खोल कोपरा भरणार असेल तर त्याहून हलकी ग्लासवूलसुद्धा चालते. वजन आणि किंमत या दोन्हींत ९६ तुम्हाला महाग पडेल.

तुमच्या फोमबद्दलच्या मताशी मात्र मी पूर्ण सहमत आहे.

एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. असा माल हवा जेथे वेगाने हलते तेथे काम करतो, आणि भिंतीला अगदी लागून हवा हलत नाही, फक्त दाबली जाते. ४७ हर्ट्झसाठी सर्वांत जास्त हालचाल भिंतीपासून सुमारे १.८ मीटरवर असते, आणि तेथे पॅनेल ठेवायचे तर पलंग बाहेर काढावा लागेल. त्यामुळे चार इंची ट्रॅपने साधारण ८० हर्ट्झच्या वर चांगला फरक पडेल आणि त्याखाली थोडाच. परदेशी लेखांत जे परिणाम दाखवतात ते पुष्कळदा लाकडी चौकटीवर जिप्सम लावलेल्या भिंतींच्या खोल्यांतले असतात. तशा भिंती स्वतःच हलतात आणि काही बेस बाहेर सोडतात. आपल्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती हलत नाहीत, त्यामुळे घुमारा आतच राहतो आणि आपल्याला जास्त माल लागतो.

रत्नागिरीकर

मी रॉकवूल न वापरता काम भागवले होते, म्हणून माझा अनुभव सांगतो. आमच्या घरी कापसाच्या चार जुन्या गाद्या होत्या. त्या दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या आणि वर चादर लावली. खोलीचा ठणठणीतपणा गेला, रेकॉर्डिंगला ते फार बरे वाटले, बेसमध्ये मात्र विशेष फरक जाणवला नाही. पावसाळा संपल्यावर गाद्या हलवल्या तेव्हा भिंतीकडच्या बाजूला काळी बुरशी धरलेली होती आणि भिंतीचा रंगही गेला होता. नीरज, तुमची बाहेरची भिंत पावसाकडे असेल तर हा विचार आधी करा. रॉकवूललाही बुरशी लागते का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

वैदेही_स

रत्नागिरीकर, रॉकवूल दगडापासून बनते, त्यामुळे बुरशीला त्यात खायला काही नसते आणि ते पेटही घेत नाही; कापूस आणि फोम हे दोन्ही पेटतात. तरीही त्यावर बसलेली धूळ आणि वरचे सुती कापड यांना बुरशी लागू शकते. बाहेरच्या भिंतीपासून पॅनेल दोन इंच पुढे ठेवले की मागून हवा खेळते. आवाजाच्या दृष्टीनेही ही पोकळी हवीच असते, कारण तिच्यामुळे पॅनेलचा परिणाम आणखी खालच्या सुरांपर्यंत पोहोचतो.

गाद्यांनी बेसला फारसे काही झाले नाही, याचे एक कारण असे की वर्षानुवर्षे वापरलेल्या गादीतला कापूस दबून घट्ट बसतो. पिंजून पुन्हा भरलेली गादी निराळी वागली असती.

नीरज_डोंबिवली

सर्वांचे आभार. स्पीकर आणि खुर्ची हलवली. एका मित्राचा मोजणीचा माइक दोन आठवड्यांसाठी मिळाला आहे आणि REW हे खोलीचा आवाज मोजण्याचे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकले आहे. जुन्या जागी मोजले तेव्हा ९० ते १०० च्या मध्ये खरोखरच खोल खड्डा होता. नव्या जागी तो तेथे नाही. मात्र ११० ते १२० या भागात आता एक उंचवटा दिसतो, आणि वॉटरफॉलच्या चित्रात तो भाग इतरांपेक्षा पुष्कळ उशिरा विझतो. हे कशामुळे असेल? आणि पॅनेलच्या नेमक्या जागा कशा शोधाव्यात?

वैदेही_स

तुमच्या खोलीची रुंदी १० फूट आणि उंची साडेनऊ फूट, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारख्याच. रुंदीचा दुसरा घुमारा ११२ हर्ट्झला आणि उंचीचा दुसरा ११८ ला येतो. दोन्ही एकाच जागी साचल्यामुळे तो भाग रेंगाळतो. ही तुमच्या खोलीची सर्वांत त्रासदायक खोड आहे आणि सुदैवाने ती चार इंची ट्रॅपच्या आवाक्यात आहे. पुढचे दोन्ही कोपरे पूर्ण उंचीने व्यापा आणि छतावरचे पॅनेलही चार इंचांचेच करा, कारण उंचीचा घुमारा छत आणि जमीन यांच्यामध्येच चालतो.

एखादा खड्डा स्पीकरच्या जागेमुळे आहे की खोलीच्या घुमाऱ्यामुळे, हे ओळखायचे असेल तर स्पीकर तेथेच ठेवून माइक एक फूट मागे-पुढे करून पाहा, आणि मग माइक तेथेच ठेवून स्पीकर भिंतीकडे सरकवून पाहा. स्पीकर सरकवल्यावर खड्ड्याची फ्रिक्वेन्सीच बदलली तर दोष बहुधा भिंतीवरून परतणाऱ्या आवाजाचा आहे. फ्रिक्वेन्सी तीच राहून खड्ड्याचा खोलपणा तेवढा कमी-जास्त झाला तर तो खोलीचा घुमारा आहे.

बाजूच्या पॅनेलसाठी आरसा वापरा. तुम्ही खुर्चीत बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी स्पीकरच्या उंचीवर आरसा भिंतीला टेकवून हळूहळू सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला तेथे खूण करा. प्रत्येक भिंतीवर दोन खुणा येतील, जवळच्या स्पीकरची आणि लांबच्या स्पीकरची. तुमच्या मापांवरून त्या पुढच्या भिंतीपासून सुमारे सव्वादोन आणि तीन फुटांवर येतील, म्हणजे उभा लावलेला दोन फूट रुंद पॅनेल दोन्ही झाकतो. जवळच्या स्पीकरचा भिंतीवरून येणारा आवाज थेट आवाजानंतर सुमारे ४ मिलिसेकंदांनी कानावर पडतो. तो वेगळा ऐकू येत नाही, पण गायकाचा आवाज मधोमध न राहता पसरतो आणि त्याचा पोत बदलतो.

उजवीकडे तेथे खिडकी येत असेल तर पडद्यावर विसंबू नका. पडदा फक्त वरचे सूर शोषतो आणि मग दोन बाजूंत फरक पडतो. तेथे पायांवर उभे राहणारे, डाव्यासारखेच पॅनेल करा, आणि काम संपल्यावर ते बाजूला ठेवा.

सुतारकाम_आवडीचे

छताच्या पॅनेलबाबत पंख्याचे अंतर मोजूनच भोके पाडा. पंखा मध्यावर, म्हणजे पुढच्या भिंतीपासून ६ फुटांवर आहे. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचे पाते तेथून दोन फूट पुढे येते. पॅनेलचा मध्य पावणेतीन फुटांवर आणि त्याची पुढून मागे लांबी दोन फूट धरली तर त्याची मागची कड आणि पात्याचे टोक यांच्यात जेमतेम तीन इंच राहतात. पंखा थोडाही डुगत असेल तर पॅनेल आणखी दोन-तीन इंच पुढे घ्या. चार आय-हूक आणि तार पुरेशी आहे. दोन थर, लाकूड आणि कापड मिळून वजन फार होत नाही, पण प्लास्टिकचे रॉलप्लग छतात वापरू नका, धातूचे अँकर घ्या.

नीरज_डोंबिवली

काम झाले, म्हणून हिशोब येथे टाकतो. ४८ घनतेचे अठरा स्लॅब घेतले: दोन कोपऱ्यांना आठ, दोन बाजूंना चार, छताला दोन आणि पलंगामागच्या भिंतीला चार. व्यापाऱ्याने मला स्लॅब दोनशे रुपयांना दिला, म्हणजे ३,६०० रुपये झाले, आणि टेम्पोचे ८००. लाकूड आणि सुताराची मजुरी ४,५००, कापड, नॉन-वोव्हन आणि अँकर मिळून २,१००. एकूण ११,००० रुपये.

पुन्हा मोजले तेव्हा ११० ते १२० चा उंचवटा बराच खाली आला आहे आणि तो विझण्याचा वेळ स्पष्टपणे कमी झाला आहे. बेस गिटारचे सूर आता एकेक करून ऐकू येतात. ४७ हर्ट्झला मात्र जवळजवळ काहीच फरक नाही, हे आधीच सांगितले होते. दुसरी गोष्ट अशी की खोली वरच्या सुरांत जरा जास्तच मुकी वाटते आणि रिव्हर्ब किती द्यावा याचा अंदाज चुकतो. उरलेल्या चार हजारांत ४७ साठी काही करता येईल का?

खडा_आवाज

चार हजारांत प्लायचा पोकळ डबा करून ४७ ला ट्यून केलेला ट्रॅप बनवता येईल. गणिताची सूत्रे सहज मिळतात.

वैदेही_स

सूत्रे मिळतात, पण डबा हवाबंद राहिला नाही किंवा प्लाय ठरल्यापेक्षा जाड निघाला की तो ४७ ऐवजी दुसऱ्याच ठिकाणी काम करतो, आणि असे एक-दोन डबे एवढ्या खोलीला अपुरे पडतात. मी ते पैसे त्यावर घालणार नाही. तुमच्या गाण्यांत ४७ च्या आसपास बेस गिटारचे सर्वांत खालचे तीन-चार सूरच येतात. तेवढे हेडफोनवर तपासा.

वरचे सूर जास्त शोषले जात असतील तर कोपऱ्यांच्या आणि पलंगामागच्या पॅनेलच्या कापडाआत पातळ प्लास्टिकचा एक थर लावा. बेस त्यातून आत जातो, वरचे सूर मात्र खोलीत परततात. बाजूच्या आणि छताच्या पॅनेलला हे करू नका.

सुतारकाम_आवडीचे

पलंगामागच्या पॅनेलबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. प्लास्टिकऐवजी त्यावर एक-एक इंच मोकळी जागा सोडून लाकडाच्या पट्ट्या मारल्या तर खोली जास्त नैसर्गिक वाटते, असे मला दोन ठिकाणी जाणवले आहे.

वैदेही_स

एवढ्या कमी अंतरावर पट्ट्यांचा स्वतःचा रंग आवाजाला चढतो, असा माझा अनुभव आहे. नीरज, माइक अजून तुमच्याकडे असेल तर एका पॅनेलला प्लास्टिक आणि दुसऱ्याला सुट्या पट्ट्या लावून दोन्ही आलेख येथे टाका.

नीरज_डोंबिवली

माइक रविवारपर्यंत आहे. पट्ट्या उद्या सुताराकडून आणतो.